पावसाळ्यात क्रिएटिनच्या गाठी: खानापूर-जांबोटी भागासाठी उपाय

लक्षण: जून ते सप्टेंबरमध्ये डबा उघडला की वरचा थर दगडासारखा आणि चमच्याला चिकटणारी पूड. तांदळाचे दाणे टाकून पाहिले, ओल फारशी गेली नाही आणि पुडीत कोंडा तेवढा मिसळला. फ्रिज तर उलटाच पडला, कारण गार डबा दमट हवेत उघडला की आत दव धरतं. वैताग आला.

जमलं ते असं. उघडीप असलेल्या दुपारी कोरड्या चमच्याने गाठी फोडून पूड चाळून घेतली. आठवड्यापुरती ३५ ग्रॅम, म्हणजे रोजची ५ ग्रॅम, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत काढली. उरलेली मूळ डब्यात ठेवून वर सिलिका जेलची १० ग्रॅमची पुडी टाकली. डबा आठवड्यातून एकदाच उघडायचा, चुलीच्या वाफेपासून लांब. रोजची उघडझाप छोट्या बाटलीचीच, आणि ओला चमचा कुठेच नाही. नारिंगी जेल हिरवट झालं की बदलायचं.

चोर्ला घाटातून गोव्याला जाताना एकेका दिवसाची पूड झिपच्या पिशवीत, आणि सगळ्या पिशव्या एका डब्यात. लेबल सोबत असलेलं बरं, पांढऱ्या पुडीवर प्रश्न येतातच. पाण्यात आधी कालवून मात्र नेऊ नका: पाण्यात क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन हे निरुपयोगी द्रव्य होतं, उष्णतेत आणि लिंबासारख्या आंबट सरबतात आणखी लवकर. नुसत्या कोरड्या गाठी चालतात. रंग बदलला, कुबट वास आला किंवा बुरशी दिसली, तर फेकायची.