उकिडवं बसणं आणि ओणवं होणं: स्क्वॅट-डेडलिफ्टमधला फरक मला कसा उमगला

ट्रेनरचा कोर्स करताना आमच्या वहीत एक ओळ होती: स्क्वॅट मांडीच्या पुढच्या बाजूसाठी, डेडलिफ्ट मागच्या बाजूसाठी. परीक्षेपुरती ती ओळ पाठ केली आणि पास झालो. जिममध्ये उभं राहिल्यावर मात्र तिचा उपयोग होईना, कारण दोन्ही व्यायामांत खुबा वाकतोच, दोन्हींत माणूस खाली जाऊन वर येतो, आणि समोरच्याने "मग फरक काय?" विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे जे समजायला मला दोन वर्षं लागली ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

सुरुवात आपल्या रोजच्या शब्दांपासून करू. मराठीत या दोन हालचालींना वेगवेगळे शब्द आहेत. उकिडवं बसणं म्हणजे स्क्वॅट: गुडघेही मिटतात, खुबेही मिटतात आणि बूड टाचांकडे खाली जातं. ओणवं होणं म्हणजे हिंज: गुडघे जवळपास तसेच राहतात, बूड मागे जातं आणि छाती पुढे झुकते. दाराची बिजागरी जशी एकाच जागी फिरते, तशी इथे घडी फक्त जांघेत पडते. डेडलिफ्टमध्ये ही ओणवी हालचाल मुख्य असते. जमिनीवरून दांडा उचलताना गुडघेही थोडे वाकतात, पण रोमानियन डेडलिफ्टमध्ये, म्हणजे उभं राहून दांडा मांड्यांवरून नडगीपर्यंत खाली नेण्यात, हिंज अगदी स्वच्छ दिसतो. शिकायला आणि शिकवायला मी तिथूनच सुरुवात करतो.

माझी चूक घडली ती कबड्डी खेळणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत. वय 22, वजन 70 किलोच्या आसपास. रेडर असल्यामुळे झटक्यात मागे वळून पळायची सवय, आणि मोसमात दोनदा मांडीचा मागचा स्नायू ताणला गेलेला. फिजिओथेरपिस्टने त्याला व्यायामाची परवानगी दिली होती आणि "हॅमस्ट्रिंग मजबूत करून घे" असं सांगून माझ्याकडे पाठवलं होतं. मी त्याला आठवड्यातून दोनदा स्क्वॅट दिले. खोल बसायचा, व्यवस्थित बसायचा. दहा आठवड्यांत स्क्वॅटचं वजन छान वाढलं, मांड्या पुढून भरल्या. मागची बाजू मात्र होती तशीच राहिली. पालथं झोपून टाच बुडाकडे ओढायला सांगितलं आणि मी हाताने विरोध केला, तर पहिल्या दिवशीइतकाच जोर लागला. मेहनत त्याने पूर्ण केली होती, व्यायाम मी चुकीचा निवडला होता.

कारण हॅमस्ट्रिंगच्या रचनेत आहे. हे स्नायू बुडाखाली, आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली नडगीच्या हाडांना जाऊन चिकटतात. म्हणजे ते दोन सांध्यांवरून जातात. अपवाद एकच, बायसेप्स फेमोरिसचा आखूड भाग, जो फक्त गुडघ्यावरून जातो. आता उकिडवं बसा. खुबा मिटतो तेव्हा हा स्नायू वरच्या टोकाकडून ताणला जातो, पण त्याच वेळी गुडघा मिटल्यामुळे खालच्या टोकाकडून ढिला पडतो. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. एकूण लांबी फारशी बदलत नाही. शिवाय वर येताना गुडघा सरळ करायचा असतो, आणि हॅमस्ट्रिंगने जोर लावला तर तो गुडघा मिटवायलाच बघतो. त्यामुळे स्क्वॅटमध्ये त्याला मोकळेपणाने काम करायला वावच मिळत नाही. ओणवं होताना गुडघा जागच्या जागी राहतो, त्यामुळे वरून दिलेला ताण खालून कोणी परत घेत नाही. स्नायू वजनाखाली लांब होतो आणि लांब असतानाच जोर लावून शरीर वर आणतो.

हे मी शिंप्याच्या टेपने दाखवतो. टेपचं एक टोक समोरच्याला स्वतःच्या बसायच्या हाडावर अंगठ्याने दाबून धरायला सांगतो, दुसरं टोक मी गुडघ्यामागे, पोटरीच्या वरच्या बाजूला धरतो. तो ओणवा झाला की टेप चांगली चार बोटं माझ्या हातातून ओढली जाते. तो उकिडवा बसला की टेप सैल पडून लोंबते. खऱ्या स्नायूची लांबी इतक्या ढोबळपणे मोजता येत नाही, पण कोणत्या हालचालीत काय होतं ते डोळ्यांना दिसतं. तेवढ्याने काम भागतं.

जपानी संशोधकांच्या 2019 सालच्या एका अभ्यासात हेच एमआरआयवर दिसलं. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने पूर्ण स्क्वॅट केले आणि दुसऱ्याने अर्धे. मांडीच्या पुढचे स्नायू दोन्ही गटांत वाढले. खोल बसणाऱ्यांमध्ये नितंबाचा मोठा स्नायू आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जास्त वाढले. हॅमस्ट्रिंग दोन्ही गटांत वाढले नाहीत. पुढच्या स्नायूंपैकी एकटा रेक्टस फेमोरिस मात्र वाढला नाही, आणि तोही खुबा व गुडघा असे दोन सांधे ओलांडणारा स्नायू आहे. हे वाचलं तेव्हा त्या मुलाचे दहा आठवडे माझ्या डोळ्यांसमोर आले.

नितंबाचं काय, असा प्रश्न इथे नवीन मुलं विचारतात. ग्लूटिअस मॅक्सिमस दोन्ही व्यायामांत भरपूर काम करतो, कारण तो गुडघ्यापर्यंत जातच नाही. खुबा सरळ करणं एवढंच त्याला इथे करायचं असतं, आणि ते दोन्हीकडे आहे. म्हणून "बूड दुखलं म्हणजे हिंज बरोबर झाला" असं समजू नका.

गुडघ्यावर किती भार आणि खुब्यावर किती, हे मोबाइलवर काढता येतं. बाजूने, खुब्याच्या उंचीवर मोबाइल ठेवून व्हिडिओ घ्या. दांड्याच्या टोकातून खाली सरळ उभी रेघ मारा. भार तोलात असेल तर ती तळपायाच्या मध्यातून जाते. मग खुबा त्या रेघेच्या किती मागे आणि गुडघा किती पुढे ते मोजा. मापासाठी मोठी प्लेट वापरा, स्पर्धेच्या प्लेटचा व्यास 45 सेंमी असतो. त्या मुलाचे 60 किलोचे दोन्ही व्यायाम मी असेच मोजले. स्क्वॅटमध्ये मांडी जमिनीला समांतर असताना खुबा रेघेच्या 22 सेंमी मागे होता, गुडघा 20 सेंमी पुढे. डेडलिफ्टमध्ये दांडा जमिनीवरून सुटताना खुबा 28 सेंमी मागे, गुडघा फक्त 4 सेंमी पुढे. वजनाला अंतराने गुणलं की खुब्यावर स्क्वॅटमध्ये 1320 आणि डेडलिफ्टमध्ये 1680 येतात. गुडघ्यावर मात्र 1200 आणि 240. शरीराचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, त्यामुळे आकडे ढोबळच आहेत. तरी चित्र स्पष्ट आहे: खुब्याला दोन्हीकडे काम आहे, पण गुडघ्याचं काम पाच पटींनी घटलं. म्हणून क्वाड्रिसेप्स, म्हणजे पुढची मांडी, डेडलिफ्टमध्ये मागे पडते. दांडा जमिनीवरून सुटून गुडघ्यापर्यंत येईतो ती थोडी मदत करते, बस.

दुसरा मोठा फरक पाठीत आहे. ओणवं झाल्यावर धड आडवं होत जातं आणि वजन हातांतून पुढे लोंबतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू तेव्हा पाठ हलू न देता धरून ठेवतात, बगलेखालचे लॅट्स दांडा पायांशी चिकटवून ठेवतात आणि पकडीसाठी कोपराखालचा हात पिळून निघतो. स्क्वॅटमध्ये दांडा खांद्यांवर टेकलेला असतो, त्यामुळे लॅट्स आणि पकड यांचा एवढा कस लागत नाही.

आता शिकवायचं कसं. मी सुरुवातीला सगळ्यांना "कंबरेतून वाक" म्हणायचो आणि पाठी गोल व्हायच्या. दोष त्या सूचनेचा होता. आपल्याकडे कंबर म्हणजे पाठीचा खालचा भाग, माणूस बिचारा सांगितलं तिथूनच वाकायचा. आता मी तळहाताची कड जांघेत आडवी ठेवायला सांगतो आणि म्हणतो, "या हाताने खुबे मागे ढकल, हात घडीत चिमटला पाहिजे." भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभं करायचं आणि गुडघे किंचित सैल ठेवून बुडाने भिंतीला टेकायला लावायचं. टेकलं की बोटभर पुढे सरकायचं, परत टेकायचं. पाठीवर काठी धरली तर ती डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाडाच्या वरची सपाट जागा अशा तिन्ही ठिकाणी टेकून राहिली पाहिजे. एक ठिकाण सुटलं की तिथेच थांबायचं.

किती खाली जायचं याचंही उत्तर तिथेच मिळतं. बूड मागे जायचं थांबलं की हिंज संपला. त्यानंतर दांडा खाली जातोय असं दिसलं तर तो पाठ गोल होऊन जातोय. बऱ्याच जणांचा हा टप्पा गुडघ्याच्या जरा खाली येतो.

जमिनीवरून उचलताना सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे डेडलिफ्टचा स्क्वॅट करणं. बूड फार खाली, गुडघे दांड्याच्या बरेच पुढे. गुडघे वाटेत असल्यामुळे दांडा सरळ वर येऊच शकत नाही. मग प्लेट हलायच्या आधीच बूड झटकन वर उडतं, दांडा पायांपासून सुटतो आणि सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो. व्हिडिओ सावकाश चालवून प्लेट सुटायच्या आधीची दोन-तीन चित्रं बघा. बूड वर आणि दांडा जागच्या जागी दिसला तर चूक हीच. एक गोष्ट मात्र आधी तपासा. बऱ्याच जिममधल्या लोखंडी प्लेट 45 सेंमीपेक्षा लहान असतात, दांडा 22.5 सेंमीऐवजी बराच खाली राहतो आणि चांगला माणूसही उकिडवा होतो. प्लेटखाली रबरी मॅट घालून दांडा वर आणा, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

त्या मुलाला पुढे मी सोमवारी स्क्वॅट आणि गुरुवारी रोमानियन डेडलिफ्ट दिले. 30 किलोपासून, आठचे तीन सेट, खाली जाताना तीन सेकंद. पहिल्या आठवड्यात त्याने बुडाखाली हात ठेवून सांगितलं, "सर, हे इथे ओढतंय, असं आधी कधीच झालं नव्हतं." आठव्या आठवड्यात तो 60 किलोवर होता, आणि पालथं झोपून टाच ओढताना माझा हात मागे सरकायला लागला. गुडघा मिटवण्याचा वेगळा व्यायामही सोबत ठेवला, कारण बायसेप्स फेमोरिसच्या त्या आखूड भागाला हिंजमधून काहीच मिळत नाही.

लांब मांड्यांची माणसं आली की हे सगळं थोडं सरकतं. स्क्वॅटमध्येही ती पुढे झुकतात, खुबा रेघेपासून लांब जातो आणि पाठीवर डेडलिफ्टसारखाच भार येतो. अशांना सोमवारी जड स्क्वॅट दिला असेल तर गुरुवारी मी डेडलिफ्टचा एक सेट कमी करतो, आणि शेवटच्या सेटचा व्हिडिओ घेऊन काठीच्या तीन ठिकाणांपैकी खालचं ठिकाण सुटतंय का ते बघतो.