स्टेमपासचा फोटो पाहताना: नेदरलँड्समधील नगरपालिका निवडणूक आणि आपली पात्रता

दर चार वर्षांनी मार्च महिन्यात, नगरपालिकेच्या निवडणुकीच्या सुमारास, नेदरलँड्समधील मराठी मंडळींच्या गटांत एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. नाव व पत्ता छापलेला एक कागद असतो, वर ठळक अक्षरांत ‘स्टेमपास’ लिहिलेले असते आणि खाली प्रश्न असतो: ‘हे मला चुकून आले आहे का? मी तर भारतीय नागरिक आहे.’ काही दिवसांनी दुसऱ्या बाजूने तक्रार येते: ‘शेजाऱ्यांना आले, यांना आले, मलाच का नाही?’ या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या कागदावर सहसा नसते. ते नगरपालिकेने सोबत पाठविलेल्या किंवा प्रसिद्ध केलेल्या सूचनेतील दोन-तीन वाक्यांत असते, आणि त्या वाक्यांचे घाईघाईने केलेले भाषांतर बहुतेक वेळा नेमके महत्त्वाच्या शब्दांवर घसरते.

प्रथम स्टेमपासविषयी. ही केवळ माहितीची चिठ्ठी नव्हे, तर मतदान केंद्रावर प्रत्यक्ष जमा करावयाचे मतदानपत्र आहे. भारतात मतदारचिठ्ठी हरवली तरी यादीत नाव व ओळखपत्र असले की काम भागते, म्हणून आपल्याकडील अनेकांना हा कागद टपालाच्या ढिगात टाकून देण्याची सवय असते. येथे तसे चालत नाही. स्टेमपास मतदानाच्या किमान १४ दिवस आधी घरी येतो. मूळ कागद हाती नसेल तर मत देता येत नाही आणि फोनमधील त्याचा फोटो मतदान केंद्रावर ग्राह्य धरला जात नाही. फोटो गटात टाकावयाचाच असेल, तर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छापील क्रमांक झाकून टाकावा.

आता पात्रतेचे वाक्य. युरोपीय संघाबाहेरील नागरिकांसाठी नगरपालिका निवडणुकीचा नियम मराठीत साधारण असा होतो: ‘उमेदवारी दाखल करण्याच्या दिवशी जे संबंधित नगरपालिकेचे रहिवासी असतील, ज्यांचे वास्तव्य कायदेशीर असेल आणि त्या दिवसाच्या लगेच आधीची किमान पाच वर्षे जे अखंडपणे नेदरलँड्सचे रहिवासी असून ज्यांच्याकडे वास्तव्याचा हक्क असेल, असे मतदानाच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण केलेले सर्वजण.’ या वाक्यात दोन वेगवेगळे दिवस आहेत आणि बहुतेक गोंधळ तेथेच होतो. वय मतदानाच्या दिवशी मोजले जाते. वास्तव्य मात्र ‘कांदिदातस्टेलिंग’च्या, म्हणजे उमेदवारी दाखल करण्याच्या, दिवशी मोजले जाते आणि तो दिवस मतदानाच्या ४४ दिवस आधी असतो. २०२६ च्या निवडणुकीत मतदान १८ मार्चला, तर उमेदवारीचा दिवस २ फेब्रुवारीला होता. स्टेमपासवर १८ मार्च हीच तारीख ठळक छापलेली असल्यामुळे लोक पाच वर्षे त्या तारखेपर्यंत मोजतात.

एका जोडप्याचे उदाहरण घेऊ. पतीचा वास्तव्य परवाना ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि नगरपालिकेत त्याची नोंदणी २५ जानेवारीला झाली. पत्नी मागाहून आली. तिचा परवाना २० फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. पतीच्या दोन तारखांपैकी नंतरची धरली तरी त्याची पाच वर्षे २५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे २ फेब्रुवारीच्या आत, पूर्ण होतात, म्हणून त्याला स्टेमपास येतो. पत्नीची पाच वर्षे २० फेब्रुवारी २०२६ ला पूर्ण होतात. मतदानाच्या दिवशी तिची पाच वर्षे भरलेली आहेत, पण उमेदवारीच्या दिवशी अठरा दिवस कमी पडतात, म्हणून तिला स्टेमपास येत नाही. अशा घरात टपालखात्याला दोष दिला जातो, पण टपालाचा यात काही संबंध नसतो. उलट, ज्या मुलीचा अठरावा वाढदिवस नेमका १८ मार्चलाच येतो आणि जी लहानपणापासून येथे राहत आली आहे, तिला मतदानाचा हक्क आहे, कारण वयाची अट मतदानाच्या दिवसाशी बांधलेली आहे.

‘अखंड’ हा शब्द माझ्या स्वतःच्या अंगावर आला होता, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. मी २०१२ मध्ये आलो. २०१४ च्या सप्टेंबरात नोकरी बदलण्याच्या गडबडीत परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यानंतर बारा दिवसांनी गेला. परवाना मिळाला, कोणी काही बोलले नाही आणि मीही ते विसरून गेलो. मार्च २०१८ मध्ये मला स्टेमपास आला नाही, तेव्हा मी नगरपालिकेत बरीच तणतण केली. तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की त्या बारा दिवसांत माझ्याकडे वास्तव्याचा हक्क नव्हता, त्यामुळे मोजणी तेथून पुन्हा सुरू झाली आणि उमेदवारीच्या दिवशी, म्हणजे ५ फेब्रुवारी २०१८ ला, माझी साडेतीन वर्षेसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. चूक सर्वस्वी माझी होती. मी पहिले मत दिले ते २०२२ मध्ये. म्हणून नव्याने आलेल्यांना माझे सांगणे असे की, मुदतवाढीच्या निर्णयाचे प्रत्येक पत्र जपून ठेवावे आणि जुन्या परवान्याची शेवटची तारीख व नव्या परवान्याची पहिली तारीख एकमेकींना लागून आहेत का, हे त्याच वेळी तपासावे.

सुट्टीसाठी भारतात जाऊन आल्याने ही अखंडता मोडत नाही. मात्र बारा महिन्यांत आठ महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहणार असल्यास नगरपालिकेच्या नोंदवहीतून नाव कमी करून घ्यावे लागते, आणि असे नाव कमी झाले की रहिवासी असण्याची मोजणीही तुटते. विद्यार्थी परवान्यावर काढलेली वर्षे मोजली जात नाहीत, असा समज बराच पसरलेला आहे. तो बहुधा कायमस्वरूपी वास्तव्याच्या नियमांवरून आला असावा. मतदानासाठी ती वर्षे मोजली जातात.

स्टेमपास यावयास हवा होता पण आला नाही, असे वाटल्यास वाट पाहत बसू नये. आपले नाव मतदार म्हणून नोंदलेले आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि नगरपालिकेने ते लगेच सांगावयाचे असते. नोंद असूनही कागद हरवला किंवा पोहोचलाच नाही, तर त्याऐवजी दुसरा, म्हणजे ‘फरफांगंडे स्टेमपास’, मागता येतो. यासाठी दोन मुदती आहेत आणि सूचनेत त्या एकाखाली एक छापलेल्या असल्याने दुसरी वाचली जात नाही. लेखी अर्ज मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचावा लागतो. स्वतः जाऊन मागितल्यास मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत मिळतो. २०२६ पुरते बोलायचे तर या तारखा १३ मार्च आणि १७ मार्च होत्या. नवा कागद मिळाला की जुना रद्द होतो, त्यामुळे नंतर तो सोफ्याखाली सापडला तरी घेऊन जाऊ नये.

घर बदलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उमेदवारीच्या दिवसानंतर आपण आम्स्टेलवेन सोडून आइंडहोवनला गेलात, तरी त्या निवडणुकीपुरते आपण आम्स्टेलवेनचेच मतदार राहता. मत द्यावयाचे तर जुन्या गावी जावे लागते किंवा तेथील कोणाला तरी अधिकार द्यावा लागतो.

हा अधिकार, म्हणजे ‘फोलमाख्त’, स्टेमपासच्या मागील बाजूस छापलेला असतो, आणि फोटोंमध्ये सर्वाधिक काळजी वाटावी अशी चूक येथेच दिसते. मागे सहीची जागा आहे म्हणून अनेकजण सही करून मोकळे होतात. ती सही स्टेमपास मिळाल्याची पोच नव्हे. ‘माझ्या वतीने अमुक व्यक्तीने मत द्यावे’ असे ते निवेदन आहे. आपण स्वतः मतदानास जाणार असाल तर मागची बाजू कोरी ठेवावी. दुसऱ्याला पाठवावयाचे असेल, तर त्याचे नाव लिहून दोघांनीही सही करावी आणि आपल्या ओळखपत्राची प्रत त्याच्याकडे द्यावी. स्टेमपासचा फोटो चालत नाही, पण ओळखपत्राची ही प्रत फोनवर दाखविलेली चालते, ही गंमत नवख्यांना हमखास चक्रावून टाकते. ज्याला अधिकार दिला तो त्याच नगरपालिकेचा मतदार असावा लागतो, त्याने ते मत स्वतःच्या मताबरोबरच द्यावे लागते आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोघांच्या वतीने मत देता येते. सोसायटीतील किंवा मंडळातील कोणी आपणहून दारोदार फिरून ‘तुमचे स्टेमपास माझ्याकडे द्या’ म्हणत असेल, तर देऊ नये. अशा प्रकारे मतदानाचे अधिकार गोळा करणे येथे गुन्हा आहे.

प्रत्यक्ष मतदान सोपे आहे. केंद्रे साधारणपणे सकाळी साडेसात ते रात्री नऊपर्यंत उघडी असतात. स्टेमपासवर छापलेले केंद्र फक्त जवळचे म्हणून सुचविलेले असते. आपल्या नगरपालिकेतील कोणत्याही केंद्रावर जाता येते. सोबत मूळ स्टेमपास आणि वैध वास्तव्य कार्ड न्यावे. भारतीय पासपोर्टवर विसंबून राहू नये, तेथे ओळख पटविण्यासाठी आपले वास्तव्य कार्डच अपेक्षित असते. मोठ्या आकाराच्या मतपत्रिकेवर एकाच उमेदवाराच्या नावापुढील वर्तुळ लाल पेन्सिलीने भरावयाचे असते. पक्ष निवडून वर पुन्हा उमेदवार निवडण्याच्या नादात दोन वर्तुळे भरली गेली, तर मत बाद होते. नगरपालिकेसाठी मत दिल्याने भारतीय नागरिकत्वाला कोणतीही बाधा येत नाही, हेही येथेच सांगून टाकतो, कारण हा प्रश्न दरवेळी खासगीत विचारला जातो.

शेवटी, येथे येऊन जेमतेम एक वर्ष झालेल्यांना स्टेमपास आला तर तो आधी नीट वाचावा. तो बहुधा ‘वाटरस्खाप’साठी, म्हणजे पाणी व बांध सांभाळणाऱ्या जलमंडळाच्या निवडणुकीसाठी असतो. त्या निवडणुकीत पाच वर्षांची अट नाही, कायदेशीर वास्तव्य आणि वय पुरेसे असते. ती प्रांतिक निवडणुकीच्या दिवशीच होते, जसे १५ मार्च २०२३ ला झाले, आणि प्रांतिक निवडणुकीत फक्त डच नागरिकांना मत देता येते. त्यामुळे केंद्रावर शेजारच्या डच माणसाच्या हातात दोन मतपत्रिका आणि आपल्या हातात एकच दिसली, तर ती देणाऱ्याची चूक नसते.