अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये प्रोबायोटिकची कॅप्सूल कधी घ्यावी, कुठे ठेवावी

नाश्ता झाला की अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकाच घोटात घेऊन मोकळं व्हायची सवय बऱ्याच घरांत असते. पण प्रोबायोटिकच्या बहुतेक कॅप्सूलमध्ये जिवंत जिवाणू असतात. अँटिबायोटिक त्यांनाही मारू शकतं, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं.

आधी पाकिटावरचं नाव वाचा. लॅक्टोबॅसिलस असेल तर हे अंतर पाळायचंच. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, त्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. मात्र फंगल इन्फेक्शनसाठी फ्लुकोनॅझोल चालू असेल तर ते यीस्ट मरतं, म्हणून डॉक्टरांना सांगा. केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक सुरूच करू नका.

आता वेळा ठरवा. आधी अँटिबायोटिकच्या वेळा पक्क्या करा, प्रोबायोटिक मधल्या वेळेत बसवा, उलट नको. समजा, बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या कुणाला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट दिवसातून दोनदा दिलंय. सकाळी आठला नाश्त्याबरोबर एक, रात्री आठला जेवणाबरोबर दुसरी. प्रोबायोटिक दुपारी एकला, डबा खाताना. दोन्हीकडे भरपूर अंतर राहतं. प्रोबायोटिकही दोनदा असेल तर दुसरी कॅप्सूल रात्री साडेदहाला. अँटिबायोटिक सात, तीन आणि अकरा असं तीनदा असेल, तर सकाळी अकरा ही सोयीची वेळ. कॅप्सूल साध्या पाण्याबरोबर घ्या, गरम चहाबरोबर नको. दुपारची राहून गेली तर आठवेल तेव्हा घ्या, फक्त आधीच्या आणि पुढच्या डोसपासून दोन तास मोजा. दोन एकदम घेऊ नका.

साठवणीत मुंबईची हवा आड येते. पाकिटावर ‘२५ अंशांखाली’ लिहिलेलं असतं, आणि इथली खोली मे महिन्यात तेवढी थंड नसतेच. पावसाळ्यात वर दमटपणा. अशा वेळी हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. ‘२ ते ८ अंश’ लिहिलं असेल तर फ्रिज हवाच. दार सारखं उघडतं, म्हणून दाराचा कप्पा टाळा. फ्रीझरमध्येही ठेवू नका. बाटली असेल तर कॅप्सूल काढून झाकण लगेच लावा आणि आतली सिलिकाची पुडी फेकू नका. ऑफिसला नेताना स्ट्रिपमधून एकच कॅप्सूल फॉइलसकट कापून न्या. गोळ्यांच्या डबीत सुटी टाकू नका आणि गरम डब्याला टेकवून ठेवू नका. कॅप्सूल मऊ, चिकट झाली किंवा आतल्या पावडरीचे गोळे झाले तर ती टाकून द्या.

कोर्स संपल्यावर कॅप्सूल आणखी किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारा.

पोट थोडं बिघडणं अँटिबायोटिकमुळे होतंच. पण दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, शौचात रक्त, ताप किंवा पोटात जोराची कळ असेल, तर डॉक्टरांना लगेच फोन करा. हे कोर्स संपून काही आठवड्यांनीही होऊ शकतं. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.