एकाच गादीची तीन मापे

जळगावात कापसाच्या गाद्या ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानासाठी मी लिस्टिंग लिहू लागलो, तेव्हा गादी भरणारे पिंजारीदादा माप तोंडी सांगत असत: "सहा बाय तीन, जाडी चार." त्यातले पहिले दोन आकडे फुटांचे आणि तिसरा इंचांचा, हे दुकानात सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे शीर्षकात मी ७२ × ३६ × ४ इंच असे लिहिले. तपशिलाच्या तक्त्यात मात्र सेंटीमीटरच मागितले होते, म्हणून तिथे २.५४ ने गुणून १८३ × ९१ × १० असे भरले. छायाचित्रावर बाण काढणाऱ्या मुलाने इंचाला अडीच सेंटीमीटर धरून १८० × ९० असे छापले. एका ग्राहकाच्या पलंगाची आतली लांबी १८१ सेंटीमीटर होती आणि त्याने छायाचित्रावर विश्वास ठेवला. गादी परत आली.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूचे माप मी सपाट फरशीवर टेप लावून सेंटीमीटरमध्येच घेतो आणि एका वहीत लिहितो. शीर्षक, तक्ता आणि छायाचित्र या तिन्ही ठिकाणचा आकडा त्या वहीतूनच उचलायचा, दुसऱ्या जागेवरून नव्हे. ग्राहक फुटांत विचारतात हे खरे आहे. त्यांच्यासाठी वर्णनात एकदाच, 'लांबी १८३ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ६ फूट' असे वाक्य ठेवतो. लिस्टिंग प्रसिद्ध करण्यापूर्वी 'इंच' आणि 'फूट' हे शब्द शोधून पाहतो. छायाचित्रातील अक्षरे मात्र शोधात सापडत नाहीत, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात.

वजनात घोटाळा वेगळ्या प्रकारचा होतो. शीर्षकात ८ किलो आणि तक्त्यात ८४०० ग्रॅम हे दोन्ही आकडे खरे होते, कारण पहिला नुसत्या कापसाचा होता आणि दुसरा खोळीसह गादीचा. वाचणाऱ्याला मात्र तो सरळ विरोध दिसतो. आता मी 'कापूस ८ किलो, खोळीसह ८.४ किलो' असे कशाचे वजन ते सांगून लिहितो. तक्ता ग्रॅम मागत असेल तर ८.४ नव्हे, ८४०० भरले आहे ना, हे पुन्हा पाहतो.

सर्वात महाग चूक पार्सलच्या मापात झाली. गुंडाळलेली गादी ९५ × ४० × ३५ सेंटीमीटरची होती, पण सेंटीमीटरच्या रकान्यात मी ३७, १६, १४ हे इंचांचे आकडे भरले. आमच्या कुरिअरच्या हिशोबात तिन्ही मापांच्या गुणाकाराला ५००० ने भागून आकारमानाचे वजन काढतात आणि ते खऱ्या वजनाहून जास्त असेल तर त्यावरच आकारणी होते. माझ्या आकड्यांनी ते जेमतेम १.६६ किलो आले, म्हणून आगाऊ आकारणी तराजूवरच्या ८.६ किलोवर झाली. गोदामात पार्सलची मापे घेतल्यावर आकारमानाचे वजन २६.६ किलो निघाले आणि फरकाची रक्कम दुकानाच्या खात्यातून वजा झाली.