व्याजदर बदलतात तेव्हा कर्जदार कुठे चुकतात: या चुका टाळा

मध्यवर्ती बँकेने दर वाढवला की ‘कर्जे महागली’ हा मथळा ठरलेला असतो आणि कमी केला की ‘हप्ते घटणार’. दोन्ही मथळे अर्धेच खरे असतात. दर बदलल्यापासून तो खिशापर्यंत पोहोचेपर्यंत मध्ये बरेच टप्पे आहेत आणि बहुतेक चुका त्या टप्प्यांकडे न पाहिल्यामुळे होतात.

चूक पहिली: जाहीर झालेला दर म्हणजेच आपला दर असे मानणे

मध्यवर्ती बँक जो धोरण दर ठरवते तो बँकांना अगदी अल्प मुदतीसाठी, अनेकदा एका रात्रीपुरता, मिळणाऱ्या पैशाचा दर असतो. तुमचे कर्ज वीस वर्षांचे आहे. या दोन दरांना काय जोडते ते तुमच्या करारात लिहिलेले असते.

तरत्या, म्हणजे फ्लोटिंग दराच्या कर्जात दर दोन भागांचा बनतो. पहिला भाग बेंचमार्क, म्हणजे ज्याच्याशी कर्ज जोडले आहे तो आधारदर. दुसरा भाग स्प्रेड, म्हणजे बँकेने त्यावर लावलेली जादा टक्केवारी. बेंचमार्क धोरण दरच असेल तर बदल लवकर पोहोचतो, पण तोही करारातल्या रिसेट तारखेलाच, म्हणजे कर्जाचा दर नव्याने ठरतो त्या तारखेला. बेंचमार्क बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर ठरत असेल, तर दरकपात रेंगाळत येते. कारण साधे आहे: बँकेने जुन्या चढ्या दराने घेतलेल्या मुदत ठेवी मुदत संपेपर्यंत तिला त्याच दराने सांभाळाव्या लागतात.

दीर्घ मुदतीच्या स्थिर दराच्या कर्जाचा धोरण दराशी संबंध आणखी सैल असतो. त्याचा दर सरकारी रोख्यांच्या बाजारावर, म्हणजे पुढल्या अनेक वर्षांच्या महागाईच्या अंदाजावर ठरतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये धोरण दर एकूण एक टक्क्याने कमी केला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर सुमारे ६.१ टक्क्यांवरून चढत जानेवारी २०२५ मध्ये ७ टक्क्यांवर गेला. कपातीची वाट पाहून स्थिर दराचे कर्ज पुढे ढकलणाऱ्यांचा तिथे तोटा झाला.

चूक दुसरी, आणि सर्वांत महाग: फक्त हप्ता पाहणे

दर वाढला, पण हप्ता तेवढाच राहिला, म्हणून सुटलो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवलेली असते. याची किंमत आकड्यांतच कळते.

समजा ३० लाखांचे कर्ज आहे, मुदत २४० महिने, दर ७ टक्के. हप्ता येतो २३,२५९. पहिल्या महिन्यात त्यातले १७,५०० व्याजात जातात आणि ५,७५९ मुद्दल फेडतात. आता सुरुवातीलाच दर ८ टक्के झाला असे धरा. व्याज २०,००० होते आणि त्याच हप्त्यातून मुद्दलाला उरतात फक्त ३,२५९. दर एकच टक्का वाढला, पण मुद्दल फेडण्याचा वेग चाळीस टक्क्यांहून अधिक घटला. मुदत २४० वरून २९६ महिन्यांवर जाते.

मुदत तीच ठेवायची असेल तर हप्ता २५,०९३ करावा लागतो, म्हणजे महिन्याला १,८३४ जास्त. या मार्गाने कर्ज फिटेपर्यंत एकूण सुमारे ६०.२ लाख भरले जातात. हप्ता न वाढवता मुदत वाढवली तर सुमारे ६८.८ लाख. मूळ ७ टक्क्यांना हाच आकडा ५५.८ लाख होता. दरवाढीमुळे साडेचार लाखांच्या आत बसणारा भुर्दंड मुदत वाढवल्यामुळे तेरा लाखांवर जातो.

तिसरा मार्गही आहे, आणि हातात थोडी शिल्लक असेल तर तो बहुधा सर्वांत चांगला. ८ टक्के दराने २३,२५९ चा हप्ता २४० महिन्यांत २७.८१ लाखच फेडू शकतो. म्हणजे २.१९ लाख एकरकमी मुद्दलात भरले, तर हप्ताही वाढत नाही आणि मुदतही. त्या २.१९ लाखांनी ५६ हप्ते वाचतात. मात्र रक्कम भरताना ‘मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा’ असे लेखी सांगा. नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत लांबलेलीच ठेवली जाते.

दर आणखी वर गेला की हिशेब बिघडतो. ९ टक्क्यांना याच हप्त्याने कर्ज फिटायला ४५८ महिने लागतील. ९.५ टक्क्यांना तर पहिल्याच महिन्याचे व्याज २३,७५० होते, म्हणजे हप्त्याहून जास्त. हप्ता नियमित भरूनही शिल्लक मुद्दल वाढत जाते. ही कल्पनेतली गोष्ट नाही: भारतात मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा धोरण दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर, म्हणजे नेमका अडीच टक्क्यांनीच वाढला होता. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत हा पर्याय कर्जदाराला द्या आणि मुदतवाढीमुळे मुद्दल वाढत जाणार नाही याची काळजी घ्या.

आपल्या कर्जात हे घडते आहे का, हे ओळखायला दोनच आकडे पुरतात. वर्षभराच्या अंतराचे दोन खातेउतारे घ्या आणि शिल्लक मुद्दल व उरलेले हप्ते पाहा. बारा हप्ते भरल्यावर उरलेले हप्ते बाराने कमी झालेले नसतील, तर मुदत वाढवली गेली आहे. शिल्लक मुद्दल वाढलेले दिसले, तर त्याच आठवड्यात बँकेत जा.

‘दर उतरला, माझा का नाही?’

आधी रिसेटची तारीख तपासा. ती यायचीच असेल तर तक्रारीचे कारण नाही. तारीख उलटून गेली असेल तर बेंचमार्क खरोखर उतरला का ते पाहा. बेंचमार्क उतरूनही हप्ता जैसे थे असेल, तर बहुधा बँकेने हप्ता न बदलता मुदत कमी केली आहे, आणि ते तुमच्या फायद्याचेच आहे. हप्ता कमी करून घ्यायचा मोह इथे आवरावा.

एक जागा मात्र सहज नजरेतून सुटते: स्प्रेड. नव्या कर्जदाराला ओढण्यासाठी बँक कमी स्प्रेड देते आणि जुन्याचा तसाच ठेवते. आजच्या नव्या कर्जाचा दर आणि तुमचा दर यांत अर्ध्या टक्क्याचा फरक असेल, तर ३० लाख शिल्लकीवर ते पहिल्या वर्षाचे सुमारे १५,००० होतात. दर बदलून घेण्याचे शुल्क याहून बरेच कमी असेल तर अर्ज करा. कर्जाची शेवटची दोन-तीन वर्षे उरली असतील तर सोडून द्या, कारण तोवर शिल्लक आणि व्याज दोन्ही आटलेले असतात.

चूक: दर वाढला म्हणजे लगेच खर्च आटेल असे समजणे

वरच्या उदाहरणात हप्ता न वाढवता मुदत वाढवली, तेव्हा त्या घरचा महिन्याचा खर्च काहीच बदलला नाही. म्हणजे मध्यवर्ती बँकेने दर वाढवला तरी या घरापुरती बाजारातली मागणी होती तिथेच राहिली. स्थिर दराचे जुने कर्ज असलेल्या घराचेही तेच. अमेरिकेत तीस वर्षांचा स्थिर दर सर्रास असतो, त्यामुळे दरवाढीची झळ जुन्या घरमालकांपर्यंत फारशी येत नाही. ब्रिटनमध्ये दर साधारण दोन ते पाच वर्षांसाठीच स्थिर असतो, तिथे ती मुदत संपेल तसतशी झळ टप्प्याटप्प्याने लागते.

मागणी घटते ती आधी नव्या कर्जांतून. २३,२५९ चा हप्ता परवडणाऱ्याला ७ टक्क्यांना ३० लाख मिळत होते, ९.५ टक्क्यांना सुमारे २५ लाखच मिळतात. पगार तोच, पण घराचे किंवा यंत्राचे बजेट सहावा हिस्सा खाली. तिथून बांधकाम, फर्निचर, नोकरभरती असा परिणाम पसरत जातो. म्हणूनच दरबदलाचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण वर्ष ते दोन वर्षे लागतात. दोन महिन्यांत महागाई हटली नाही म्हणून ‘धोरण फसले’ म्हणणे घाईचे ठरते.

चूक: महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असे वाचणे

अमेरिकेत जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्के होती, जून २०२३ मध्ये ती ३ टक्क्यांवर आली. जून २०२१ चा भाव १०० धरला तर वर्षाने तो १०९.१ झाला आणि आणखी वर्षाने सुमारे ११२.४. भाव खाली आलेच नाहीत, चढण्याचा वेग मंदावला. दरवाढीचे उद्दिष्टही तेवढेच असते. शिवाय पुरवठ्याच्या अडचणीने तेल महागले असेल, तर व्याजदर वाढवून तेल जास्त निघत नाही. बाकीची मागणी दाबली जाते, इतकेच.

यातूनच ‘दर उतरेपर्यंत खरेदी थांबवू’ हा निर्णय येतो. तो चुकीचाच असतो असे नाही, पण हिशेब करून घ्या. दर ८ वरून ७ टक्के झाला, की त्याच हप्त्यात मिळणारे कर्ज २७.८ लाखांवरून ३० लाख होते, सुमारे ८ टक्क्यांनी जास्त. पण हे सगळ्याच खरेदीदारांच्या बाबतीत एकदम घडते. त्या मागणीने घराचा भाव ८ टक्क्यांनी चढला, तर थांबलेल्याला पूर्वीच्याच हप्त्यात पूर्वीचेच घर मिळते, वर मुद्दल सव्वादोन लाखांनी मोठे. आधी ८ टक्क्यांच्या तरत्या दराने घेतलेल्याचे मुद्दल २७.८ लाखच असते आणि दरकपात त्यालाही मिळते. स्थिर दराचे कर्ज घेणाऱ्याला मात्र ती आपोआप मिळत नाही. त्याने सही करण्यापूर्वी मुदतीआधी फेडीचा दंड किती आहे ते पाहावे, कारण नंतर स्वस्त कर्जावर जाणे परवडेल की नाही ते त्या एका ओळीवर ठरते.