फुग्यांची कमान ठरवण्याआधी भिंतीचा फोटो मागा

आयांच्या ग्रुपवर कुणी "वाढदिवसाचं डेकोरेशन कोण करतं?" असं विचारलं की लगेच आपल्या कामाचे फोटो टाकू नका, आधी ग्रुपचे नियम वाचा. बऱ्याच ग्रुपांत जाहिरातीचा वार ठरलेला असतो. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटो तर त्यांच्या आईला विचारल्याशिवाय टाकूच नका. काम ठरायला लागलं की तारीख, वेळ, थीम विचाराल, ते सांगायला नको. भिंतीचा फोटो मागा. काम देणारी आई नेटवरच्या कमानीचा पाठवेल. तो नको, तिच्याच भिंतीचा हवा, दिवसाउजेडी काढलेला.

मागच्या वेळी मी तो मागितला नाही. भिंतीला डिस्टेंपर होता, हुकांच्या चिकटपट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले आणि कमान पाहुण्यांच्या देखत खाली आली. गुळगुळीत ऑइल पेंट किंवा टाइल असेल तर चिकटणारे हुक चालतात. डिस्टेंपर, वॉलपेपर किंवा ताजा रंग असेल तर स्टँडच न्या. मोकळ्या जागेत स्टँडच्या पायांवर वजन ठेवा, वाऱ्याने कमान सरळ आडवी होते. म्हणून म्हणते, आधी भिंतीचा फोटो.

आता खरेदी. दहा फुटांच्या भरगच्च कमानीला साधारण साठ फुगे दहा इंची, पन्नास पाच इंची आणि पाच-सहा अठरा इंची लागतात. फुटणाऱ्यांसाठी वर पंधरा टक्के धरा. एका कमानीचा एक रंग एकाच वेळी, एकाच खोक्यातून घ्या. नंतर मागवलेल्या पाकिटातला तोच गुलाबी वेगळा निघतो आणि फुगवल्यावरच कळतो. घाऊक घ्यायचे ते पांढरे आणि फिके रंग, कारण ते कुठल्याही थीममध्ये खपतात. कार्टूनचे कटआउट आणि बॅनर मात्र अ‍ॅडव्हान्स हातात आल्यावरच घ्या. मुलांची आवड आठवड्यात बदलते, माल तुमच्या कपाटात राहतो. उरलेले फुगे हवाबंद करून अंधारात ठेवा. उन्हात लेटेक्स चिवटपणा सोडतं.

फुगवताना सगळे एका मापाचे करायला पुठ्ठ्याला गोल भोक पाडा आणि प्रत्येक फुगा त्यातून पास करा. पूर्ण ताणू नका. फुगा नासपतीसारखा लांबट दिसला की हवा जास्त झालीय, थोडी सोडा. चार-चारचे गुच्छ करून तंगूस दोरीवर ओवा, छोटे फुगे शेवटी ग्लू डॉटने फटींत.

ही दोरी कशाला बांधणार? तेच ते. फोटो.

बाकी पटकन: इलेक्ट्रिक पंप, एक्स्टेंशन, कात्री, फॉइलच्या अंकासाठी स्ट्रॉ. काळे फुगे उन्हात नकोत, आधी तेच फुटतात. तुकडे लगेच उचला, लहान मुलांच्या घशात अडकतात. उतरवायला कोण येणार, किती वाजता, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. आणि भिंतीचा फोटो आला नसेल तर तारीख पक्की करू नका.