पहिल्या प्रदर्शनाला पुष्पगुच्छाऐवजी लाल टिकली

मैत्रिणीचं पहिलं चित्रप्रदर्शन असेल, तर पुष्पगुच्छाचे पैसे तिच्याच चित्रावर खर्च करा. विकलेल्या चित्राच्या नावपट्टीशेजारी लाल टिकली लावतात. पहिल्याच दिवशी अशी एक टिकली दिसली, की घुटमळणारे लोकही किंमत विचारायला धजावतात. माझ्या मैत्रिणीच्या जलरंगांच्या प्रदर्शनात मी पोस्टकार्डाएवढं चित्र पंधराशे रुपयांना घेतलं. उद्घाटनानंतर लगेच पूर्ण पैसे दिले, पण चित्र शेवटच्या दिवशीच उतरवून नेलं. आधी नेलं असतं तर भिंतीवर रिकामी जागा उरली असती. मैत्रीखातर सवलत मात्र मागू नका. पुढचा गिऱ्हाईकही तोच भाव धरतो.

विकत घेणं जमत नसेल तर दुपारचे दोन तास द्या. एकटा कलाकार जेवायलाही उठू शकत नाही. तुम्ही दालनात बसा, पण आधी किमतींची यादी आणि मैत्रिणीचा पैसे घेण्याचा क्यूआर कोड मागून घ्या. चौकशी करणाऱ्याचं नाव, नंबर आणि आवडलेलं चित्र वहीत टिपून ठेवा. नुसता ‘छान’ असा अभिप्राय नंतर कामाला येत नाही, या नोंदींवरून ती त्या लोकांना आठवड्याभरात फोन करू शकते.